प्रतिसाद: शिंपले आवरताना होणारा आकांत

> ‘स्वमग्न मुलासाठी चित्रांचा तक्ता लावलाय, तरी शिंपल्यांचा खेळ थांबवला की तो जमिनीवर लोळतो. काय चुकतंय?’

ताई, तक्ता बहुधा भिंतीवर आहे आणि बदल तुमच्या तोंडून कळतोय. माझ्याकडे मालवणजवळच्या शाळेत सात वर्षांचा मुलगा होता, त्याचंही असंच व्हायचं. मी तक्ता त्याच्या बाकावर आणला. चारच चित्रं, वेलक्रोवर, वरून खाली: शिंपले, अक्षरं, पाणी, झोपाळा. रेखाचित्रं त्याला उमगत नव्हती, म्हणून आमच्याच वस्तूंचे फोटो काढले.

खरा फरक शेवट दिसू लागल्यावर पडला. आधी मी टोपलीभर शिंपले द्यायचे, म्हणजे खेळ संपणार कधी हे त्याला कळणार कसं? मग मोजून दहाच दिले. एकेक शिंपला खाचेत ठेवायचा, खाचा भरल्या की खेळ संपला. मग तो स्वतः तक्त्यावरचा शिंपल्यांचा फोटो काढून ‘झालं’च्या डब्यात टाकायचा आणि पुढच्या फोटोवर बोट ठेवायचा. त्या वेळी मी फक्त ‘शिंपले झाले, आता अक्षरं’ एवढंच बोलायचे. समजावत बसलं की तो कान झाकायचा.

अक्षरंही सुरुवातीला दोनच ठेवा. आवडत्या खेळानंतर लांबलचक काम आलं, तर तक्त्यावरचा विश्वास उडतो.

पावसात झोपाळा बंद असला, तर त्याच्या फोटोवर लाल ‘बदल’ पट्टी लावून शेजारी नवा फोटो लावा. पण ही पट्टी आधी चांगल्या बदलासाठी वापरून शिकवा, अक्षरांऐवजी बुडबुडे वगैरे. आणि मूल शांत झालं म्हणून तक्ता काढू नका. मी काढला होता, आठवड्यात पुन्हा लोळण सुरू झाली.