शनिवारची टेस्ट आणि रेवाची शिफ्ट

शुभाआत्या: शनिवारी रेवाची ऑनलाइन टेस्ट 6 ते 8 आणि ड्यूटी सुटते 7 ला. पोरगी रडकुंडीला आलीये. कुणीतरी बघा रे!

रेवा: आत्या, रडत नाहीये. वैतागलेय. सव्वासातला घरी पोचून सुरू केली तर पावणेनऊपर्यंत चालेल ना? पेपर 90 मिनिटांचा आहे.

नानाकाका: शिफ्ट बदलून घे.

मकरंददादा: नाही चालणार गं. 6 ते 8 टेस्ट उघडी, आणि सुरू केल्यापासून 90 मिनिटं तुझी. यातलं जे आधी संपेल तिथे पेपर बंद, बहुतेक ठिकाणी असंच असतं. सव्वासातला बसलीस तर 45 मिनिटंच, आठला आपोआप सबमिट.

रेवा: 😳

नानाकाका: म्हणून म्हणतो, शिफ्ट बदलून घे.

रेवा: काका, विचारलं. दोघं आधीच रजेवर आहेत.

सुनीलमामा: नाना, तुम्ही लग्नाला तरी रजा काढली होतीत का 😂

नानाकाका: तो विषय इथे नको.

आशामावशी: सरांना आजच मेल टाक, शनिवारी सकाळी नाही. आणि "जादा वेळ द्या" असं लिहू नकोस, मला असे मेल येतात तेव्हा वाटतं 90 चे 120 मागतायत. बंद होण्याची वेळ 8 ऐवजी 10 करा, मिनिटं तेवढीच, असं स्पष्ट लिही. सोबत शिफ्टचं वेळापत्रक जोड.

मकरंददादा: एकट्या विद्यार्थ्यासाठी वेळ बदलता येते, बाकीच्यांची तशीच राहते.

आशामावशी: येते, पण आम्ही का कचरतो सांगू? आठनंतर इतरांना उत्तरं दिसायला लागतात. म्हणून सकाळची वेळही सुचव, आणि प्रश्न वेगळे दिले तरी चालतील म्हण.

नानाकाका: नोकरी की शिक्षण, आधी ठरवावं माणसाने. शिफ्ट बदलून घे.

शुभाआत्या: नाना, फी ती स्वतः भरते. आपण कुणी विचारलं होतं का तेव्हा?

सुनीलमामा: 🙊

रेवा: मेल केला.

रेवा: उत्तर आलं! सकाळ नको म्हणाले, दहापर्यंत उघडी ठेवतायत. प्रश्नांचा संच वेगळा.

मकरंददादा: छान. पण मेलवर विसंबू नकोस. तुझ्या लॉगिनने टेस्टच्या पानावर बंद होण्याची वेळ 10 दिसते का बघ. "सुरू करा" दाबू नकोस हं, शनिवारी सहानंतर फोनवरून कुतूहलाने सुद्धा नाही. दाबलंस की घड्याळ चालू.

रेवा: अजून 8 च दिसतंय.

आशामावशी: मग त्याच मेलला उत्तर दे, स्क्रीनशॉट जोडून. सर बदलायचं विसरले असतील, मीही विसरते.

रेवा: केलं त्यांनी. आता 10 दिसतंय 🙏

नानाकाका: साडेआठच्या आत बस म्हणजे 90 पुरी होतील.

सुनीलमामा: नाना, हे मात्र बरोबर बोललात!