मदत हवी आहे: रॉयल्टीच्या पत्रात रक्कम लिहावी का?

मी नागपूरचा, प्रकाशक पुण्याचे. करारानुसार छापील किमतीवर १० टक्के रॉयल्टी आणि दरवर्षी ३१ मार्चनंतर ९० दिवसांत विक्रीचा हिशेब. दोन वर्षांचा हिशेबही नाही, पैसेही नाहीत. फोन, ईमेल झाले. "बघतो" एवढंच उत्तर. आता स्पीड पोस्टाने पत्र पाठवतोय, लगेच वकिलाची नोटीस नको.

विक्रीचा आकडा त्यांच्याकडेच आहे. पण बाजारात दुसरी आवृत्ती आलीय, म्हणजे पहिल्या १००० प्रती संपल्या असणार. भेटीच्या ५० वगळून ९५० प्रती, किंमत ३०० रुपये, म्हणजे १० टक्क्यांनी २८,५०० रुपये. आगाऊ मिळालेले ५,००० वजा जाता २३,५००.

हा आकडा "हिशेब येईपर्यंत किमान देय रक्कम" म्हणून लिहू, की आधी फक्त हिशेब मागू? आकडा लिहिल्यास पुढे जास्तीची मागणी अडेल का?