आजोबांची मोटार आणि मी (तुमचेही किस्से येऊ द्या)

सांगोल्याची_सई
आज शेजारची मोटार कोरडीच फिरत होती. तो आवाज ऐकून नववीतलं विज्ञान प्रदर्शन आठवलं. वर्गात सगळ्यांचे ज्वालामुखी, मी आबांची परसातली एक एचपीची मोनोब्लॉक घेतली. कित्येक दिवस बंद होती, बटण दाबलं की नुसती घूंऽऽ. आबा म्हणाले, आधी वायर काढ, मग हात लाव. मागचं झाकण काढून शाफ्ट हाताने फिरवला तर हलेचना. पुढून उघडली, आत इंपेलर गंजून धरलेला. रात्रभर रॉकेल सोडून ठेवलं, सकाळी लाकडी ठोकळ्याने हलकेच ठोकल्यावर सुटला.

मोटार फिरली, पाणी येईना. वरून बादली ओतली की पाइप भरायचा आणि बघता बघता पातळी खाली. म्हणजे आडातला फूटव्हॉल्व्ह पाणी धरत नव्हता. वर ओढला, तर चामड्याचा वायसर वाळून वाकडा झालेला. नवा घातला, पातळी टिकली. तरी पाणी तुटक, फसफसत. ओढीच्या पाइपच्या जोडातून हवा शिरत होती. तिथून पाणी टपकत नाही, म्हणून दिसत नाही. आबांनी चालू मोटारीवर जोडांना साबणाचा फेस लावायला सांगितला. एका जोडावर फेस आत ओढला गेला. तो जोड सफेदा-सुताने पुन्हा आवळला आणि धार लागली.

परीक्षक म्हणाले, "मॉडेल कुठाय?"

भाऊ_कुर्डुवाडी
मॉडेल 😂😂 आमच्याकडे उन्हाळ्यात असंच होतं. सरळ दोन एचपी टाका, खोलातनं ओढते.

रिवाइंडिंगवाले_काका
भाऊ, एचपीने ओढ वाढत नाही. पाणी वर ढकलतो तो हवेचा दाब. पंपापासून पंचवीसेक फुटांच्या खाली पाणी गेलं की वरची मोटार कितीही मोठी घ्या, उपयोग शून्य. पंपच विहिरीत खाली उतरवायचा, नाहीतर सबमर्सिबल. सई, ग्लँडची डोरी बदललीस का गं?

सांगोल्याची_सई
बदलली काका. मी गच्च आवळली, तर आबांनी परत सैल करायला लावली. थेंब थेंब पडू दे म्हणाले.

रिवाइंडिंगवाले_काका
बरोबर. त्या थेंबानेच डोरी गार राहते. कोरडी आवळली की शाफ्टला खाचा पडतात.

मृण्मयी_
आमची फ्लॅटची मोटार रात्री आपोआप चालू होते, हे कशामुळे? कुकर लावलाय, नंतर वाचते.

भाऊ_कुर्डुवाडी
पंचवीस फूट मला पटत नाय. मामाच्या विहिरीला चाळीसवरनं येतं.

रिवाइंडिंगवाले_काका
पंप कुठं बसवलाय ते बघून ये.

भाऊ_कुर्डुवाडी
आत कठड्यावर आहे वाटतं. विचारतो.

वैदर्भीय_अनघा
आमच्या आजोबांनी मोटारीला हातच लावू दिला नसता. पोरींनी लांब राहायचं म्हणे. सई, आबांना नमस्कार सांग. ती मोटार आहे का अजून?

सांगोल्याची_सई
नळ आल्यावर भंगारात गेली गं. फूटव्हॉल्व्ह तेवढा आईने कुंडीखाली ठेवलाय.

मृण्मयी_
आले. कोणी सांगेल का माझ्या मोटारीचं?