मदत हवी आहे: जन्मदाखल्याच्या भाषांतरात एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं

मधुराची_आई
मुलीला परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळालाय. व्हिसासाठी जन्मदाखल्याचं प्रमाणित भाषांतर लागतं. दाखला फक्त देवनागरीत आहे. खरं नाव देत नाही, पण अडचण नेमकी अशीच आहे, असं समजा: दाखल्यावर ज्ञानदा माधव काळे, पासपोर्टवर DNYANADA MADHAV KALE, आणि भाषांतरकारांनी लिहून दिलंय Jñānadā Mādhav Kāḷē. ते म्हणतात, हेच शास्त्रशुद्ध आहे. शिवाय बारावीच्या प्रमाणपत्रावर मुळातच Gyanada छापलंय. अर्ज भरायचाय, काय दुरुस्त करायचं आणि काय तसंच ठेवायचं? फार काळजी लागून राहिली आहे.

पाटीपेन्सिल
भाषांतरकार बरोबर आहेत. आयएसओ १५९१९ प्रमाणे ज्ञ म्हणजे jña आणि ळ म्हणजे ḷ. पासपोर्टच चुकीचा आहे, तोच बदलून घ्या.

उंबरठा
थांबा, पासपोर्टला हात लावू नका. पाटीपेन्सिल म्हणतात ते मानक खरंच आहे, पण ते ग्रंथालयांच्या सूचींसाठी आणि अभ्यासकांसाठी उपयोगी. मी बरीच वर्षं दाखल्यांची भाषांतरं करतोय. पासपोर्टच्या खालच्या दोन ओळी पाहा, ज्या यंत्र वाचतं. तिथे फक्त A ते Z, आकडे आणि `<` एवढंच चालतं. तुमच्या मुलीचं नाव तिथे असं असेल:

```
KALE<<DNYANADA<MADHAV
```

आडनावानंतर दोन खुणा, पुढच्या नावांमध्ये एकेक. Jñānadā तिथे बसूच शकत नाही. टिंबं-रेघा काढल्या तरी उरतं JNANADA, म्हणजे तिसरंच नाव.

ज्ञ कसा लिहायचा याला सगळीकडे चालणारा एकच नियम नाही. मराठी माणूस उच्चारावरून Dny लिहितो, हिंदी भाषक Gy. म्हणून भाषांतरकाराने नवं स्पेलिंग घडवायचं नसतं. त्या व्यक्तीचं रोमन स्पेलिंग पासपोर्टवर आधीच ठरलेलं असेल तर तेच घ्यायचं आणि खाली टीप द्यायची: ‘मूळ दस्तऐवज देवनागरीत आहे, नावांचं रोमन लेखन संबंधितांच्या पासपोर्टप्रमाणे घेतलं आहे.’ भाषांतरकारांना मुलीच्याच नव्हे, तर तुम्हा दोघांच्याही पासपोर्टच्या प्रती द्या. दाखल्यावर आईवडिलांची नावं असतात आणि तिथेच बहुतेकदा घसरगुंडी होते.

संयोगिता_२
माझंही असंच झालंय! माझं Sanyogita, विवाह नोंदणीच्या भाषांतरात Samyogita. मी एक प्रतिज्ञापत्र केलं आणि काम झालं. ताई, तुम्हीही तेच करा, सगळ्यावर एकच उपाय.

उंबरठा
तुमचं झालं हे चांगलंच. पण भाषांतर सुधारून मिळत असेल तर प्रतिज्ञापत्र कशाला? अर्जात एक कागद वाढतो आणि विसंगती आपणच दाखवून दिल्यासारखं होतं.

बारावीच्या प्रमाणपत्राची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे Gyanada रोमनमध्येच छापलंय. जे मुळात रोमन आहे ते भाषांतरकाराने जसंच्या तसं उतरवायचं, पासपोर्टशी जुळवायला बदलायचं नाही. तसं केलं तर भाषांतरच खोटं ठरेल. तो फरक प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाकडून दुरुस्त करून घ्यायचा. वेळ नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडायचं.

गवाक्ष
देवनागरी नीट दिसत नसेल तर युनिकोड फॉन्ट टाकून पाहा.

मधुराची_आई
गवाक्ष, दिसायची अडचण नाही हो, स्पेलिंगची आहे.
उंबरठा, खूप आभार. आणखी एक: तिच्या एका ओळखपत्रावर संगणकाने रोमनवरून मराठी केलंय, तिथे ‘द्न्यानदा काले’ आलंय. आणि पत्त्यातल्या ‘मधली आळी’चं भाषांतरकारांनी Middle Lane केलंय.

उंबरठा
Kale मधून ‘काळे’ की ‘काले’ हे यंत्राला कळायला मार्गच नाही, ळ आणि ल दोन्ही L मध्ये जातात. म्हणून देवनागरी रकाना नेहमी हाताने तपासून घ्यावा. व्हिसासाठी त्या ओळखपत्राची रोमन ओळ पुरेशी असेल तर आत्ता घाई नाही. पण ते कुठे मराठीतून पुरावा म्हणून द्यायचं असेल तर आधी दुरुस्त करा, नाहीतर जन्मदाखल्याशी जुळणार नाही.

पत्ता अर्थाने बदलू नका. Middle Lane नावाची जागा कुठल्याच नोंदीत सापडणार नाही. पासपोर्टवर Madhali Ali असेल तर तसंच, Madhli असेल तर तसं. ‘घर क्रमांक’, ‘तालुका’ अशा शब्दांचं काय करायचं यावर भाषांतरकारांत एकमत नाही. मी ‘घर क्रमांक’चं भाषांतर करतो, ‘तालुका’ तसाच ठेवतो.

मधुराची_आई
भाषांतरकारांशी बोलले. पासपोर्टप्रमाणे करायला तयार आहेत, पण टीप नको म्हणतात, शिक्क्याखाली जास्तीचं काही लिहीत नाहीत म्हणे. टीप नसली तर अडेल का?

उंबरठा
टिपेशिवायही स्वीकारलेली भाषांतरं पाहिली आहेत, पण तुमच्या व्हिसा कार्यालयाची अट काय ते त्यांच्या यादीतच बघावं लागेल. टीप शिक्क्याखाली नको असेल तर शिक्क्याच्या वर, नावाच्या ओळीलगत चौकटी कंसात द्यायला सांगून पाहा.