मदत हवी आहे : लेख तिसऱ्यांदा परत आला, एकसारखेपणा कसा आणायचा?

उघाडीकाठी
मंगळवारपर्यंत लेख परत पाठवायचा आहे. आमच्या खाडीवरच्या खार बांधांबद्दल आहे, तिघांनी मिळून लिहिलाय. नियतकालिकाने तिसऱ्यांदा परत केला: "लेखन, दिनांक, अंक, मापे आमच्या पद्धतीप्रमाणे एकसारखी करा. 'किनाऱ्या' दोन प्रकारे लिहिले आहे." मी शोधा-बदला करून सगळं एकदा सारखं केलंय, तरी हेच! सोपा उपाय सांगा.

पंचनदी
कोणत्या नियतकालिकाची पद्धत? लेख मराठीत की इंग्रजीत? फाइल कशात आहे? इतकं तरी सांगा, ताई.

माडाची सावली
माझा अनुभव सांगतो. कोळंबीवरचा आमचा पेपर दोन पुनरावलोकनांतून गेला आणि शेवटी ब्रिटिश-अमेरिकन स्पेलिंगवर अडकला. वर्डमध्ये भाषा 'इंग्लिश (युके)' ठेवा, निम्मं काम होतं. टनाचं चिन्ह फक्त t, MT लिहू नका. मेगाटेस्ला होतो.

उघाडीकाठी
लेख मराठीत आहे हो. नियम असे: शासनमान्य शुद्धलेखन, अंक देवनागरी, तारखा इसवी सनात, मापे मेट्रिक. फाइल वर्डची, पण मी लिब्रेऑफिसमध्ये उघडते. 'किनाऱ्या' पडद्यावर सगळीकडे सारखंच दिसतं, म्हणून तर डोकं फिरलंय. शोधलं तर ४१ सापडतात, आणि डोळ्यांनी मोजले तर त्याहून कितीतरी जास्त.

आगरातला
सोपं आहे. 'र्य' शोधा, 'ऱ्य' बदला, एका फटक्यात सगळं.

जुना मुद्रितशोधक
आगरातला, असं अजिबात करू नका. 'कार्य'चं 'काऱ्य' होईल, 'आचार्य'चं 'आचाऱ्य'. आणि खाडीवरच्या लेखात 'दर्या' असणारच, तो 'दऱ्या' झाला की समुद्राच्या जागी डोंगरांमधल्या घळी येतील. दोन्ही शब्द खरे आहेत, म्हणून शुद्धलेखन तपासणीही गप्प राहील.

उघाडीकाठी, तुमचा दोष अक्षरात नाही, साठवणीत आहे. हा अर्धा र दोन तऱ्हांनी साठवला जातो. एक ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसरी साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडक. दिसतात सारखे, पण शोधयंत्राला वेगळे. तिघांनी वेगवेगळ्या कळफलकांवर टंकलं असेल तर हेच होतं. इनस्क्रिप्टमध्ये ऱ ला स्वतंत्र कळ आहे, फोनवरचे कळफलक आपापल्या पद्धतीने करतात.

लिब्रेऑफिसमध्ये आधी बदलांची नोंद चालू करा, प्रत जपून ठेवा. मग Ctrl+H, Regular expressions वर खूण, आणि:

```
शोधा: \u0930\u094D\u200D
बदला: ऱ्
```

तळटिपा आणि तक्ते वेगळे उघडून पाहा.

आता तिसरा प्रकार, तोच अवघड. कुठल्यातरी पत्रपेटीने किंवा संकेतस्थळाच्या खिडकीने तो न दिसणारा जोडक गाळून टाकला असेल, तर मागे 'किनार्या' उरतो, रेफाचा. तो आपोआप दुरुस्त होत नाही. 'र्य' शोधून एकेक शब्द वाचावा लागतो: किनार्या, खार्या, शेतकर्यांनी चूक, कार्य, दर्या बरोबर. संपादकांना "दोन प्रकारे" दिसतंय ते बहुतेक याच गाळपामुळे.

उघाडीकाठी
केलं! पहिल्या बदलात ६३ जागा निघाल्या. 'र्य' शोधल्यावर १७ आले, त्यातले नऊ चूक, सगळे धाकट्या सहलेखकाने ईमेलच्या मजकुरातून चिकटवलेल्या परिच्छेदात. मी तो परिच्छेद वीसदा वाचला होता, एकदाही दिसलं नाही.

आगरातला
बरं, चुकलं माझं. पण तारखांचं तरी सोपं आहे. शकात ७८ मिळवा, इसवी सन.

जुना मुद्रितशोधक
अर्धं खरं. चैत्रापासून कार्तिकापर्यंत ७८, माघ-फाल्गुनात ७९, कारण इंग्रजी वर्ष मध्येच बदलतं. मार्गशीर्ष-पौषात १ जानेवारी कुठे पडतो ते त्या वर्षाचं पंचांग पाहून ठरवायचं. तुमच्या लेखात तशी तारीख आहे का?

उघाडीकाठी
आहे. "शके १८१४ माघ", बांध फुटल्याची नोंद. मी १८९२ लिहिलंय.

जुना मुद्रितशोधक
१८९३ करा. आणि मूळ नोंद उद्धृत केली असेल तर अवतरणात शकच ठेवा, पुढे चौकटी कंसात इसवी सन. जुन्या कागदाचे शब्द आपले नसतात.

पंचनदी
मापांचं कोणी बोललं नाही. जमिनीचं क्षेत्र कुठून घेतलंत?

उघाडीकाठी
जुन्या जमीनमोजणीच्या फाळणीतून. उदाहरणार्थ "२-३५ एकर". दशांश एकसारखे हवेत म्हणून सगळे २.३५ केले आणि हेक्टरात बदलले. ०.९५.

पंचनदी
थांबा, ते २.३५ नाही! २-३५ म्हणजे २ एकर ३५ गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर, तेव्हा ३५ गुंठे म्हणजे ०.८७५ एकर. एकूण २.८७५ एकर, हेक्टरात १.१६. तुमचं क्षेत्र जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी झालं. ओळखायची खूण सांगतो: त्या रकान्यात आडव्या रेघेपुढचा आकडा कधीच ३९ च्या वर जात नाही ना? मग ते गुंठेच. आमच्या वडिलांच्या बाराशे नारळांच्या आगराच्या वाटणीत याच रेघेवरून दोन वर्षं भांडण झालं.

आणि नवीन सातबाऱ्यावरची नोंद हेक्टर-आर अशी असते. तिथे आर म्हणजे शंभरावा भाग, गुंठा नव्हे. दोन्ही रकाने एकत्र केले असतील तर वेगळे करा.

उघाडीकाठी
रकान्यातला सगळ्यात मोठा आकडा ३८ आहे. देवा. म्हणजे सगळा तक्ता पुन्हा, मूळ फाळणीवरूनच, कारण टिंब घातल्यावर २-३ आणि २-३० यांतला फरकही पुसला असेल.

जुना मुद्रितशोधक
हो. आणि संपूर्ण लेखात रेघ असलेले आकडे शोधा, बदलू नका, फक्त पाहा:

```
[0-9०-९]+-[0-9०-९]+
```

यात '१९४८-४९' सारखी वर्षंही येतील आणि पानांचे आकडेही. ती सोडा. देवनागरी अंक सगळ्यात शेवटी करा, आणि संकेतस्थळांचे पत्ते वगळून, नाहीतर दुवे तुटतात.

माडाची सावली
वेंगुर्ले की वेंगुर्ला? मी आयुष्यभर वेंगुर्ला लिहिलं.

आगरातला
वेंगुर्ले. आम्ही तिथलेच आहोत.

माडाची सावली
आणि सरकारी कागदावर दोन्ही दिसतात!

जुना मुद्रितशोधक
लेखकाने एक निवडावं, शब्दयादीत लिहावं आणि त्याच एकाला धरून राहावं. मात्र अवतरणात जुन्या कागदाचं रूप तसंच.

पंचनदी
अवतरणातही अनुस्वार काढावेत असं माझं मत आहे. १९६२ च्या नियमांपूर्वीचं 'नांव', 'शेतें' आजच्या वाचकाला अडतं.

जुना मुद्रितशोधक
मला पटत नाही. त्या अनुस्वारांवरून कागदाचा काळ कळतो. पण हा निर्णय संपादकांचा आहे, त्यांना आधी विचारा, मगच हात लावा.

उघाडीकाठी
संपादकांना आत्ता पत्र लिहिलं. तक्ता पुन्हा करते आहे, २३ गटांपैकी सहा झाले. मघाशी नजरेतून सुटलं होतं, एका गटाला "१-४०" लिहिलंय. हे काय असावं?

पंचनदी
नकलणाऱ्याची चूक असेल किंवा २-० ला तसं लिहिलं असेल. मूळ फाळणीचा नकाशा पाहिल्याशिवाय बदलू नका. कोणत्या गटाचा?