मदत हवी आहे: दादासोबतच्या फोटोला कॅप्शन सुचवा

गावच्या घराच्या वाटणीवरून दादा आणि मी तीन वर्षं बोलत नव्हतो. राखी कुरियरने जायची, तीही आईच्या नावाने. यंदा भाऊबीजेला तो न सांगता दारात उभा राहिला. हातात चकलीचा डबा, आणि पहिलं वाक्य काय, तर "पार्किंग कुठे करू?"

ओवाळताना माझा हात थरथरला आणि टिळा पार भुवईपर्यंत ओघळला. फोटोत तो वाकडा टिळा घेऊन हसतोय, मी निरांजन सावरतेय. हाच टाकायचाय.

अडचण अशी की वहिनी, काका, सगळी भावकी स्टेटस बघते. "भांडण मिटलं" असं उघड लिहिलं तर कोण नमलं याची चर्चा सुरू होईल. "रक्ताचं नातं तुटत नाही" छापाचं दादाला आवडणार नाही, मलाही नाही. ज्याला माहीत आहे त्यालाच कळावं, बाकीच्यांना साधा भाऊबीजेचा फोटो वाटावा.

मी केलेले प्रयत्न:
"टिळा वाकडा, बाकी सगळं सरळ."
"तीन वर्षांची ओवाळणी थकली होती. व्याजासकट वसूल."
"पार्किंग मिळालं एकदाचं."

दुसरं मजेशीर आहे, पण वाटणीच्या वादानंतर वसुलीची भाषा नको वाटते. तिसरं फक्त आम्हा दोघांनाच कळेल. पहिल्याकडे कल आहे, पण "बाकी सगळं सरळ" म्हणजे जरा जास्तच बोलल्यासारखं होतं का? घराचा प्रश्न अजून तसाच आहे हो. शेवटचे दोन-तीन शब्द कुणी बदलून देईल का?