मदत हवी आहे: सेबीला पत्र लिहितोय, मजकूर ठीक आहे का?

आमच्या भागात एका फर्मचा फलक लागलाय: 'सेबी नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार'. खाली बारीक अक्षरात नंबर आहे, पण तो ARN ने सुरू होतो. हा तर म्युच्युअल फंड वितरकाचा, अ‍ॅम्फीने दिलेला नंबर! सल्लागाराचा नंबर INA ने सुरू होतो. सेबीच्या साइटवरच्या सल्लागारांच्या यादीत फर्मचं आणि मालकाचं, दोन्ही नावं शोधली. एकही सापडलं नाही. सासऱ्यांनी मात्र तो फलक बघूनच सल्ल्याची फी भरली, पावती आहे.

पत्राचा गाभा असा ठेवलाय: "सदर फर्म गुंतवणूक सल्लागार म्हणून नोंदणी असल्याची जाहिरात करते. दिलेला क्रमांक वितरकाचा आहे. दि. ... रोजी आपल्या यादीत नाव आढळले नाही. कृपया चौकशी व्हावी." सोबत फलकाचा फोटो, यादीचा स्क्रीनशॉट आणि पावतीची प्रत. 'फसवणूक' हा शब्द मुद्दाम टाळलाय. ते त्यांनी ठरवावं.

अडलंय इथे: स्कोअर्स पोर्टल नोंदणीकृत संस्थांविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे, आणि ही तर नोंदणीच नसलेली. मग पत्र थेट वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मुख्य कार्यालयात स्पीड पोस्टाने पाठवू का? अ‍ॅम्फीलाही प्रत द्यावी का? कुणी असं पत्र पाठवलं असेल तर सांगा.